एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी स्प्रेडचा एकच लेग आधी तोडला: ब्रोकरला पाठवायच्या पत्राचा मसुदा

मिरजकर_७७ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझे मिरजेत विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि गेली सहा वर्षे मी स्टॉक ऑप्शन्समध्ये लहान प्रमाणात, केवळ स्प्रेडचे व्यवहार करतो. गेल्या एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, ब्रोकरच्या जोखीम विभागाने माझा बुल कॉल स्प्रेड स्वतःहून स्क्वेअर ऑफ केला. त्याविरुद्ध पाठवायच्या पत्राचा मसुदा खाली देत आहे. ब्रोकरचे आणि शेअरचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मंगळवारी रात्री रागाच्या भरात लिहिलेला हा मसुदा आहे, तेव्हा जे चुकले असेल ते स्पष्ट सांगावे.

*प्रति, अनुपालन अधिकारी,*

*विषय: माझ्या खात्यातील कॉल स्प्रेड परस्पर बंद केल्याबाबत तक्रार*

*महोदय,*

*मी आपला ग्राहक असून सदर शेअरच्या चालू महिन्याच्या मालिकेत मी ११८० चा कॉल ३८ रुपयांनी घेतला होता आणि १२२० चा कॉल २० रुपयांनी विकला होता. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन लॉट, म्हणजे १००० शेअर, होते. या स्प्रेडसाठी मी निव्वळ १८,००० रुपये मोजले होते आणि काहीही झाले तरी माझे नुकसान त्याहून अधिक होणार नव्हते.*

*शुक्रवारी शेअर १२२६ वर बंद झाला. तोपर्यंत आपल्याकडून डिलिव्हरी मार्जिनबाबत एकही सूचना आली नव्हती. सोमवारी शेअर खाली उघडला आणि सकाळी १०.२० वाजता मला संदेश आला की १,५१,२०० रुपये डिलिव्हरी मार्जिन आवश्यक असून माझ्या खात्यात ६२,००० रुपयेच मोकळे आहेत, त्यामुळे उरलेले ८९,२०० रुपये दुपारी २ वाजेपर्यंत भरावेत, अन्यथा पोझिशन बंद केली जाऊ शकते.*

*दुपारी २ वाजून ६ मिनिटे ११ सेकंदांनी आपल्या यंत्रणेने ११८० चे दोन्ही लॉट मार्केट ऑर्डरने विकले. पहिला लॉट २६.०० ला आणि दुसरा २३.५० ला गेला. त्या क्षणी शेअरचा भाव १२०६ होता. १२२० चे विकलेले कॉल मात्र तसेच उघडे राहिले, आणि २ वाजून ३१ मिनिटांनी, शेअर १२१३ वर गेल्यानंतर, ते सरासरी ९.४० ला परत विकत घेतले गेले. मला एकूण १५,३५० रुपये मिळाले. मंगळवारी शेअर १२२३ वर बंद झाला, म्हणजे स्प्रेड ठेवला असता तर त्याचे ४०,००० रुपये झाले असते.*

*ज्या व्यवहारातील नुकसान आधीच मर्यादित आहे तो बंद करण्याचा आपल्याला कोणताही अधिकार नव्हता. तरी माझे २४,६५० रुपयांचे नुकसान आणि ऑटो स्क्वेअर ऑफ शुल्कापोटी घेतलेले ११८ रुपये त्वरित परत करावेत.*

मसुदा येथे संपतो.

पैसाफिरे

अतिशय योग्य पत्र आहे, असेच पाठवावे. माझी एकच भर आहे. ८९,२०० रुपयांची तूट भरून काढायला दोन्ही लॉट विकण्याची गरजच नव्हती. डिलिव्हरी मार्जिन दोन लॉटवर १,५१,२०० होते, म्हणजे एका लॉटवर ७५,६००. एक लॉट विकला असता तर उरलेल्या लॉटचे काम ६२,००० आणि विक्रीचे पैसे मिळून सहज भागले असते. त्यांनी ठरवून ग्राहकाचा पूर्ण व्यवहार मोडला आहे, आणि हे लोक असेच करतात.

निफ्टीवाले_नाना

माझेही अगदी असेच झाले होते. मागच्या महिन्यात निफ्टीचा कॉल स्प्रेड इंट्राडे प्रकारात घेतला होता आणि ३ वाजून २० मिनिटांनी तो आपोआप कापला गेला. मी फोन केला तर म्हणाले, नियमच आहे. मीही तेव्हापासून पत्र लिहायचे म्हणतो आहे, पण राहून जाते.

अनुराधा_वि

नाना, तुमची व्यथा खरी असली तरी प्रकरण वेगळे आहे. इंट्राडे प्रकारात घेतलेली पोझिशन दिवसअखेरीस बंद होणार, हे तुम्ही ऑर्डर देतानाच मान्य केलेले असते. शिवाय निफ्टीचा हिशोब रोखीने मिटतो, कोणालाही शेअर द्यावे-घ्यावे लागत नाहीत. मिरजकरांच्या प्रकरणाचे मूळ मात्र शेअर प्रत्यक्ष घेण्याच्या जबाबदारीत आहे. २०१८ पासून सेबीने टप्प्याटप्प्याने आणि ऑक्टोबर २०१९ च्या एक्स्पायरीपासून सर्व स्टॉक डेरिव्हेटिव्हजसाठी प्रत्यक्ष डिलिव्हरी लागू केली, आणि हा सारा गुंता तिथून सुरू होतो.

मिरजकर, मी कंपनी सचिव आहे आणि ब्रोकर-ग्राहक वादांची कागदपत्रे बरीच वर्षे हाताळली आहेत. तुमच्या पत्रातील घटनाक्रम उत्तम आहे आणि शेवटचा परिच्छेद घातक आहे. 'कोणताही अधिकार नव्हता' हे वाक्य वाचताच समोरचा माणूस तुम्ही खाते उघडताना सही केलेला 'हक्क आणि कर्तव्ये' हा दस्तऐवज काढेल, त्यातील मार्जिन न भरल्यास पोझिशन बंद करण्याचे कलम चिकटवेल आणि तुमची तक्रार दोन ओळींत निकाली काढेल. मग लेग कोणत्या क्रमाने तोडले, या तुमच्या खऱ्या मुद्द्याला त्याला हातही लावावा लागणार नाही.

'नुकसान मर्यादित होते' हा युक्तिवादही येथे चालत नाही. सोमवारी शेअर १२०६ वर होता. तो मंगळवारी तिथेच बंद झाला असता तर तुमचा ११८० चा कॉल इन-द-मनी आणि १२२० चा कॉल निरुपयोगी ठरला असता, आणि तुम्हाला १००० शेअर ११८० च्या भावाने घ्यावे लागले असते. त्यासाठी ११,८०,००० रुपये लागतात. तुमच्या कागदावरची १८,००० ची मर्यादा ही किमतीतील फरकाची मर्यादा आहे, पैसे उभे करण्याची नव्हे.

नवखा_ठाणे

ताई, एक अगदी प्राथमिक शंका आहे. शुक्रवारी शेअर आणखी वर, १२२६ वर होता. तेव्हा ११८० चा कॉल अधिकच इन-द-मनी होता. मग तेव्हा मार्जिन मागितले नाही आणि भाव खाली आल्यावर मागितले, हे उलटे कसे?

जोखीमखाते

याचे उत्तर मी देतो, कारण मुंबईतील एका ब्रोकरच्या जोखीम विभागात मी नऊ वर्षे हेच काम केले आहे (या धाग्यातील ब्रोकरशी माझा संबंध नाही).

१२२६ वर दोन्ही कॉल इन-द-मनी होते. एका हाताने १००० शेअर यायचे आणि दुसऱ्या हाताने १००० शेअर जायचे, त्यामुळे निव्वळ डिलिव्हरी शून्य होती आणि शून्यावर मार्जिन लागत नाही. सोमवारी भाव १२२० च्या खाली आला, तेव्हा विकलेला कॉल या वजाबाकीतून बाहेर पडला आणि १००० शेअर घेण्याची पूर्ण जबाबदारी उघडी पडली. स्प्रेडवाल्यांनी दोन स्ट्राइकमधल्या या पट्ट्याची भीती बाळगावी. दोन्हींच्या वर भाव असला तर प्रश्न नाही, दोन्हींच्या खाली असला तरी नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे हे मार्जिन एका दिवसात लागत नाही, एक्स्पायरीआधीच्या बाजाराच्या चार दिवसांत चढत जाते. मंगळवारी एक्स्पायरी असेल तर बुधवारी १० टक्के, गुरुवारी २५, शुक्रवारी ४५ आणि सोमवारी ७० टक्के. ज्याची पोझिशन पहिल्यापासून पट्ट्यात असते त्याला पायऱ्या चढायला वेळ मिळतो. मिरजकर मात्र सोमवारी सकाळी थेट ७० टक्क्यांच्या पायरीवर येऊन आदळले. शेअरचे पूर्ण मार्जिन १८ टक्के धरले तर १२ लाखांवर २,१६,००० होतात आणि त्याचे ७० टक्के म्हणजे १,५१,२००. त्यांचा आकडा बरोबर आहे.

ब्रोकर घाबरतो त्यालाही कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये हिंदाल्कोचे ४५० चे पुट शेवटच्या क्षणी किंचित इन-द-मनी बंद झाले आणि ज्यांच्याकडे शेअर नव्हते अशा अनेकांवर ते देण्याची पाळी आली. असा कॉल किंवा पुट बजावू नका असे सांगण्याची जी सोय मधल्या काळात होती, तीही मार्च २०२३ पासून बंद झाली. त्यामुळे एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी पट्ट्यात अडकलेली आणि पैसे नसलेली पोझिशन कोणताही शहाणा जोखीम अधिकारी ठेवणार नाही. मीही ठेवली नसती.

पैसाफिरे

म्हणजे तुम्ही शेवटी ब्रोकरचीच बाजू घेणार. माझ्या एका लॉटच्या मुद्द्याचे काय?

जोखीमखाते

मी अजून कोणाचीच बाजू घेतलेली नाही. तुमच्या मुद्द्याचा अर्धा भाग बरोबर आहे. एकच लॉट बंद करून भागले असते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण तुम्ही म्हणता तसा नुसता घेतलेला कॉल विकून भागले नसते. तसे केले असते तर त्याच्या जोडीचा विकलेला कॉल उघडा पडला असता आणि त्यावर एक लाखाच्या वर मार्जिन लागले असते, म्हणजे तूट कमी होण्याऐवजी वाढली असती. एक लॉट बंद करायचा तर त्याचे दोन्ही लेग बंद करावे लागतात, आणि विकलेला आधी परत घ्यावा लागतो.

तसा हिशोब करू. एका लॉटचे दोन्ही लेग बंद करून साधारण १०,४०० रुपये हाती आले असते. ६२,००० मिळवून ७२,४०० होतात. उरलेल्या लॉटला ७५,६०० लागतात. तरीही ३,२०० कमीच पडतात. त्यामुळे दोन्ही लॉट बंद करणे चुकीचे म्हणता येणार नाही.

मिरजकर_७७

जोखीमखाते, आपला हिशोब मी वहीत मांडून पाहिला आणि मला एक रक्कम त्यात दिसली नाही. स्प्रेडवर मुळात माझे ४१,००० रुपये मार्जिन अडकलेले होते आणि ६२,००० हे त्याव्यतिरिक्त मोकळे होते. एक लॉट दोन्ही बाजूंनी बंद केला असता तर त्यातील निम्मे, म्हणजे सुमारे २०,५०० रुपये, सुटले असते. मग ७२,४०० चे ९२,९०० होतात आणि ७५,६०० ची गरज भागून वर पैसे उरतात. माझे काही चुकते आहे का?

जोखीमखाते

चुकत नाही. अडकलेले मार्जिन सुटते, हे मी विसरलो. नऊ वर्षे हेच करत होतो आणि तरीही विसरलो, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. ते सुटताना अगदी निम्मेच सुटते असे नाही, पण ३,२०० ची तूट भरून निघेल इतके नक्कीच सुटते.

अनुराधा_वि

हा मुद्दा पत्रात घ्यावाच लागेल. सेबीच्या २००९ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक ब्रोकरला आपले 'धोरणे आणि कार्यपद्धती' लेखी स्वरूपात ग्राहकाला द्यावे लागतात, आणि त्यातील पोझिशन बंद करण्याच्या अधिकाराला एक शेपूट जोडलेले आहे: तो अधिकार सेटलमेंट किंवा मार्जिनच्या जबाबदारीपुरताच मर्यादित आहे. दुसरीकडे 'हक्क आणि कर्तव्ये' या दस्तऐवजात 'सर्व किंवा कोणतीही पोझिशन' बंद करता येईल असे शब्द आहेत. ब्रोकर दुसऱ्या कागदावर बोट ठेवेल, तुम्ही पहिल्यावर ठेवा. यातील कोणता भारी ठरेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण हा वाद तरी बरोबरीचा आहे. 'अधिकारच नव्हता' हा वाद तुम्ही हरूनच सुरू करता.

जोखीमखाते

आता ब्रोकरच्या विरोधात लिहितो. खरी चूक क्रमात आहे. स्प्रेड तोडताना आधी विकलेला लेग परत घ्यायचा आणि मग घेतलेला विकायचा, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. येथे उलटे झाले. त्याचे कारणही मला अंदाजाने कळते, कारण आमच्याकडेही हे एकदा घडले होते. डिलिव्हरी मार्जिन घेतलेल्या कॉलवर लागते, त्यामुळे तूट असलेल्या ग्राहकांची यादी काढताना यंत्रणा तेवढाच कॉल उचलते आणि विकून टाकते. तो कोणत्या स्प्रेडचा भाग आहे, हे त्या यादीला माहीत नसते. मग पुढच्या फेरीत तोच ग्राहक उघड्या विकलेल्या कॉलसाठी पुन्हा यादीत येतो आणि तेव्हा दुसरा लेग बंद होतो. २.०६ आणि २.३१ या दोन वेळा मला अशाच दोन फेऱ्या वाटतात. म्हणजे तूट मिटवायला निघालेल्या यंत्रणेने पंचवीस मिनिटे मूळ तुटीहून मोठी तूट स्वतः निर्माण केली.

दुसरे म्हणजे २३.५० चा भाव. शेअर १२०६ वर असताना ११८० च्या कॉलमध्ये निव्वळ फरकाचेच २६ रुपये असतात. त्याच्याही अडीच रुपये खाली तो विकला गेला, म्हणजे समोर पुरेसे खरेदीदार नसताना सरळ मार्केट ऑर्डर टाकली गेली. स्टॉक ऑप्शनमध्ये खरेदीदाराची बोली आणि विक्रेत्याचा भाव यांतील अंतर मोठे असते, म्हणून अनेक ब्रोकर ग्राहकाला तिथे मार्केट ऑर्डर टाकूच देत नाहीत. ग्राहकाला जे करू देत नाही ते स्वतः करायचे नसते. त्या वेळची डेप्थ तुमच्याकडे आहे का?

मिरजकर_७७

योगायोगाने आहे. २ वाजून ४ मिनिटांनी मी स्वतःच बाहेर पडण्याच्या तयारीत होतो आणि दोन्ही कॉलच्या डेप्थचे स्क्रीनशॉट घरी मुलाला पाठवले होते, कारण एवढ्या अंतरात भाव कुठे लावावा हे त्याला विचारायचे होते. ११८० ला पहिली बोली २७.५० ला ५०० ची आणि दुसरी २६.५० ला ५०० ची होती. १२२० ला विक्रेता ६.२० ला १००० देण्यास तयार होता. तेवढ्यात दुकानात एक ग्राहक पंख्याचा कॅपॅसिटर घेऊन आला, मी त्याच्याकडे वळलो, आणि परत पाहिले तेव्हा ११८० चे कॉल गेलेले होते.

जोखीमखाते

मग एक अवघड प्रश्न विचारतो, कारण तो ब्रोकरही विचारणार आहे. २.०६ नंतर १२२० चे कॉल उघडे पडलेले तुम्हाला दिसत होते. ते तुम्ही स्वतः ६ किंवा ६.५० ला परत का घेतले नाहीत? खरेदीला मार्जिन लागत नाही, ऑर्डर नाकारली गेली नसती. पंचवीस मिनिटे तुम्हीही वाट पाहिली.

मिरजकर_७७

प्रश्न टोचणारा आहे, पण योग्य आहे. मला वाटले की एक लेग बंद केला आहे तर दुसरा ते त्याच मिनिटात बंद करतील, आणि त्याच वेळी मीही खरेदी केली तर दोनदा खरेदी होऊन माझ्याकडे नको असलेले कॉल उरतील. मी २.०९ ला ग्राहक सेवेला फोन केला. सात मिनिटे संगीत ऐकले आणि फोन बंद पडला. फोनच्या नोंदीत तो कॉल आहे. त्यानंतर मात्र मी हातावर हात ठेवून बसलो, हे खरे आहे.

अनुराधा_वि

फोनची नोंद जपून ठेवा आणि पत्रात त्याचा उल्लेख करा. तरीही मध्यस्थ हा मुद्दा तुमच्याविरुद्ध काही अंशी धरू शकतो, त्याची मानसिक तयारी असावी.

आता रकमेबद्दल. मंगळवारच्या १२२३ च्या बंद भावावर आधारलेली २४,६५० ची मागणी सोडून द्या. तो भाव सोमवारी दुपारी कोणालाच माहीत नव्हता, आणि तुम्ही स्वतःच २.०४ ला बाहेर पडण्याच्या तयारीत होता, हे तुमचा स्क्रीनशॉटच सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मांडल्या तर एक दुसरीला खोटे पाडते. तुमचे नुकसान म्हणजे त्या मिनिटाला योग्य क्रमाने आणि समोर दिसणाऱ्या भावाने बाहेर पडला असता तर मिळाले असते ते, वजा प्रत्यक्षात मिळाले ते.

पैसाफिरे

एवढे कमी मागणे म्हणजे त्यांना मोकळे सोडणे आहे. मी तर २४,६५० च लिहिले असते आणि मग घासाघीस केली असती.

मिरजकर_७७

पैसाफिरे, भावना समजते, पण मी अनुराधाताईंच्या मार्गाने जातो. पत्राचा पहिला भाग तसाच ठेवून शेवटचा परिच्छेद काढला आहे आणि त्याजागी पुढील मजकूर घातला आहे.

*मार्जिनची तूट असताना पोझिशन बंद करण्याच्या आपल्या अधिकाराबद्दल माझा वाद नाही, तसेच २ वाजेपर्यंत मी रक्कम भरली नव्हती हेही मला मान्य आहे. माझी तक्रार तो अधिकार कसा वापरला गेला याबद्दल आहे.*

*पहिली बाब क्रमाची आहे. आपण घेतलेले कॉल आधी विकल्यामुळे विकलेले कॉल २.०६ ते २.३१ या काळात कोणत्याही आधाराविना उघडे राहिले. ही जोखीम मी घेतलेली नव्हती, ती आपल्या ऑर्डरमुळे निर्माण झाली. या काळात, २.०९ वाजता, मी आपल्या ग्राहक सेवेला केलेला दूरध्वनी सात मिनिटांनंतर उत्तराविना बंद झाला.*

*दुसरी बाब ऑर्डरच्या प्रकाराची आहे. शेअर १२०६ वर असताना ११८० चा कॉल २३.५० ला, म्हणजे त्यातील निव्वळ फरकापेक्षाही कमी भावाला विकला गेला. त्यापूर्वी दोन मिनिटे घेतलेल्या व सोबत जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये १००० शेअरसाठी २७.५० आणि २६.५० अशा बोली दिसत आहेत.*

*तिसरी बाब प्रमाणाची आहे. आपल्याच धोरणानुसार हा अधिकार मार्जिनच्या जबाबदारीपुरता मर्यादित आहे. एका लॉटचे दोन्ही लेग बंद केले असते तर सुटणारे मार्जिन धरून उरलेल्या लॉटची गरज भागत होती. दोन्ही लॉट बंद करणे का आवश्यक ठरले, याचा आकडेवारीसह खुलासा करावा.*

*दोन्ही लेग २.०६ वाजता उपलब्ध भावांनी बंद झाले असते तर ११८० चे सरासरी २७.०० आले असते आणि १२२० ला ६.२० द्यावे लागले असते, म्हणजे मला २०,८०० रुपये मिळाले असते. प्रत्यक्षात १५,३५० मिळाले. फरक ५,४५० रुपयांचा आहे. त्यापैकी २,२५० रुपये विक्रीच्या भावामुळे आणि ३,२०० रुपये पंचवीस मिनिटांच्या विलंबामुळे गेले आहेत. ही रक्कम व शुल्काचे ११८ रुपये परत करावेत. तसेच या सर्व ऑर्डरची नोंद, तिच्यातील वेळ, प्रकार आणि ती कोणत्या टर्मिनलवरून गेली या तपशिलासह मला द्यावी.*

अनुराधा_वि

आता हे पत्र उत्तर देण्यास भाग पाडते. ईमेलनेच पाठवा, फोनवर चर्चा करू नका, आणि कॉन्ट्रॅक्ट नोट जोडा, कारण प्रत्येक सौद्याची वेळ तिच्यावर छापलेली असते आणि ती त्यांचीच आहे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते, तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यानंतर किंवा त्याऐवजी स्मार्ट ओडीआर आहे. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तरच लवाद. ५,४५० रुपयांसाठी लवादापर्यंत जावे का, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

मिरजकर_७७ (अकरा दिवसांनंतर)

उत्तर आले. त्याआधी आणखी एक प्रकार घडला तो सांगतो. लेजरमध्ये १,०२२ रुपये ५० पैशांचा दंड दिसला. सोमवारी दुपारी माझ्या खात्यात १,०२,२५० रुपयांची मार्जिन तूट होती, असे त्याचे कारण दिले होते. म्हणजे त्यांनी ११८० चे कॉल विकल्यावर उघड्या पडलेल्या १२२० च्या कॉलसाठी लागणारे मार्जिन माझ्याकडे नव्हते, त्याचा हा दंड.

ब्रोकरचे उत्तर दीड पानाचे आहे. दंड आणि ११८ रुपये 'सद्भावना म्हणून' परत केले आहेत. ५,४५० बाबत लिहिले आहे की बाजारातील उपलब्ध भावाने व्यवहार झाला आणि 'सर्व किंवा कोणतीही पोझिशन' बंद करण्याचा अधिकार मला मान्य होता. क्रमाबद्दल एकही वाक्य नाही. ऑर्डरची नोंद दिलेली नाही.

जोखीमखाते

दंड सद्भावनेने परत केला असे ते म्हणत असले तरी त्यांना तो लावताच आला नसता. आगाऊ मार्जिन कमी पडल्याचा दंड ग्राहकावर ढकलण्याची मुभा अपवादानेच आहे, जसे की ग्राहकाने स्वतः हेज मोडले तर. येथे हेज कोणी मोडले ते त्यांच्याच ऑर्डर सांगतात. माझ्या मते तो दंड परत करून त्यांनी २.०६ ची चूक अप्रत्यक्षपणे मान्य केली आहे.

अनुराधा_वि

मान्य केली असे मी म्हणणार नाही. 'सद्भावना' हा शब्द त्यासाठीच वापरतात. परंतु पुढच्या तक्रारीत हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवा: एका कागदात ते क्रमाबद्दल गप्प राहून अधिकाराचे कलम दाखवतात, आणि दुसऱ्यात त्याच क्रमातून उद्भवलेला दंड ते मागे घेतात. ऑर्डरची नोंद पुन्हा, स्वतंत्र ईमेलने मागा.

निफ्टीवाले_नाना

मिरजकर, तुमचे १,१४० रुपये तरी परत आले. माझ्या इंट्राडेचे काही होईल का?

मिरजकर_७७

नाना, १,१४० रुपये ५० पैसे. आपले काही होईल असे मला वाटत नाही. मी आज दुपारी नोंद मागणारा दुसरा ईमेल पाठवला आहे आणि स्कोअर्सवरची तक्रार रविवारी दुकान बंद असताना भरणार आहे. तिथे काय होते ते याच धाग्यावर लिहीन.